चौथा रकाना

फायरफॉक्सच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये cookies.sqlite नावाची एक फाइल असते. तिच्यात moz_cookies नावाचा एकच महत्त्वाचा तक्ता आहे. तो बनवणाऱ्या आज्ञेतली ही ओळ मला ब्राउझरच्या सगळ्या रचनेतली सर्वांत देखणी ओळ वाटते:

```
UNIQUE (name, host, path, originAttributes)
```

एकाच साइटवर दोन-तीन खाती शेजारीशेजारी उघडी ठेवण्याची जी सोय फायरफॉक्स ‘कंटेनर’ या नावाने देतो, तिचा गाभा या ओळीत आहे. ओळीचा अर्थ असा, की या चारही रकान्यांतला मजकूर जुळला तरच दोन कुक्या एक समजायच्या. चारांपैकी एक जरी वेगळा निघाला, तर त्या दोन स्वतंत्र कुक्या.

यातले पहिले तीन रकाने वेबच्या जगात सगळ्यांना मान्य आहेत. 2011 साली आलेल्या RFC 6265 या कुकीच्या प्रमाण-दस्तऐवजातही तेच तीन आहेत: कुकीचं नाव, ती कोणत्या पत्त्याची, आणि त्या पत्त्याच्या कोणत्या वाटेसाठी. हे तिन्ही तंतोतंत जुळणारी नवी कुकी आली, की जुनी पुसून तिच्या जागी नवी बसते. एका साइटवर दुसऱ्या खात्याने लॉगिन केलं की पहिलं खातं बाहेर फेकलं जातं, त्याचं मूळ कारण हेच. साइटने तुम्हाला हाकललेलं नसतं. दुसऱ्या खात्याची कुकी त्याच नावाने, त्याच पत्त्यावरून आली आणि पहिलीच्या जागी बसली, एवढंच झालेलं असतं.

फायरफॉक्सने या तिघांशेजारी चौथा रकाना ठेवला आणि तिथे आपल्यापुरती एक खूण लिहायला सुरुवात केली. बाहेरच्या कुणाला त्याचा पत्ता नाही. साइट पूर्वीसारखीच कुकी पाठवते, पूर्वीसारखीच परत मागते. चौथा रकाना फक्त ब्राउझर वाचतो. जगातल्या एकाही साइटला बदलायला न लावता प्रत्येक साइटवर अनेक लॉगिनची सोय करायची, तर बदल नेमका याच जागी करायला हवा होता.

हा रकाना मुळात या कामासाठी आलेला नव्हता, हे त्याच्या वाचनात रंगत आणणारं आहे. मोझिलाने फायरफॉक्स ओएस नावाची फोनची प्रणाली काढली होती. तिच्यात प्रत्येक अ‍ॅप म्हणजे वेबपानच होतं, त्यामुळे एका अ‍ॅपमधलं लॉगिन दुसऱ्या अ‍ॅपला दिसू नये म्हणून प्रत्येक अ‍ॅपचा क्रमांक कुकीला जोडावा लागत असे. तो फोन बाजारात टिकला नाही, पण कप्पे पाडण्याची यंत्रणा ब्राउझरच्या पोटात राहिली. तिच्यात userContextId हा एक नवा घटक जोडून 2016 च्या उन्हाळ्यात कंटेनर प्रथम नाइटली आवृत्तीत आले. 2017 च्या सुरुवातीला त्यांची टेस्ट पायलट या उपक्रमात चाचणी झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ‘मल्टि-अकाउंट कंटेनर्स’ हे अ‍ॅड-ऑन सर्वांसाठी खुलं झालं. पुढे ट्रॅकिंगच्या कुक्या साइटनिहाय कोंडून ठेवण्याची जी व्यवस्था फायरफॉक्सने केली, तीही याच रकान्यात partitionKey या नावाने लिहिली जाते.

आता हा रकाना काम करताना पाहू. त्यासाठी मराठी विकिपीडियावरच्या एका नेहमीच्या प्रसंगासारखं उदाहरण नाही. तिथे दोन खाती ठेवणं ही पळवाट नसून शिस्त आहे.

समजा, एक जुना संपादक आहे. लेख लिहितो, चर्चापानांवर उत्तरं देतो. त्याच्याच देखरेखीखाली एक सांगकाम्या, म्हणजे बॉट, चालतो. सांगकाम्याचं खातं वेगळं असावं लागतं, कारण त्या खात्याला दिलेल्या खास अधिकारामुळे त्याची संपादनं ‘अलीकडील बदल’ या यादीत एरवी दिसत नाहीत. शेकडो लेखांत ‘पुर्व’चं ‘पूर्व’ करायचं असेल, तर ते सांगकाम्याच्या नावाने व्हायला हवं. आपल्या नावाने केलं तर यादी त्या एकाच कामाने भरून जाते आणि कुणी लेखात केलेली नासधूस त्या गर्दीत निसटते. उलटही तितकंच अडचणीचं. एखाद्या वादावरचं मत चुकून सांगकाम्याच्या नावाने नोंदवलं गेलं, तर पानाच्या इतिहासात ते त्याच नावाने राहतं. मागाहून नाव बदलून घेण्याची साधी सोय नाही.

शुद्धलेखनाचं असं काम डोळे मिटून करता येत नाही. एखाद्या जुन्या ग्रंथाच्या अवतरणात ‘पुर्व’ असंच छापलेलं असेल, तर ते तसंच ठेवावं लागतं. म्हणून बरेच जण ब्राउझरमध्येच चालणारं जेडब्ल्यूबी हे साधन वापरतात. ते एकेक पान समोर आणतं, बदल दाखवतं, आपण पाहून जतन करायचं. हे साधन ज्या खात्याने लॉगिन असेल त्याच खात्याने संपादन करतं. म्हणजे एका टॅबमध्ये सांगकाम्या चालू हवा आणि दुसऱ्या टॅबमध्ये कुणी ‘हे का बदललं?’ असं विचारलं तर उत्तर द्यायला आपण स्वतः हवं.

कंटेनर नसतील तर काय होतं? संपादक स्वतःच्या नावाने आहे. दुसऱ्या टॅबमध्ये सांगकाम्या म्हणून लॉगिन करतो. कुक्या बदलल्या. पण पहिल्या टॅबमधलं पान पूर्वीच उतरलेलं आहे, त्यामुळे त्याच्या माथ्यावर अजून संपादकाचंच नाव दिसतं. तिथे लिहून ‘जतन करा’ दाबलं, तर विनंतीबरोबर जाणारी कुकी मात्र सांगकाम्याची. विकिपीडियाचं सॉफ्टवेअर इथे सावध आहे. प्रत्येक संपादनाच्या फॉर्ममध्ये त्या सत्राशी बांधलेलं एक टोकन असतं, ते नव्या कुकीशी जुळत नाही, आणि सत्राची माहिती हरवल्याचं सांगून ते जतन करायला नकार देतं. जिथे ही काळजी घेतलेली नसते, तिथे पान एकाचं नाव दाखवतं आणि नोंद दुसऱ्याच्या नावावर होते, तीही काही न सांगता.

कंटेनर वापरून हेच काम कसं होतं, ते पाहा. मोझिलाचं अ‍ॅड-ऑन बसवलं की चार कंटेनर तयार मिळतात: वैयक्तिक, काम, बँक आणि खरेदी. आपल्या संपादकाला हे उपयोगाचे नाहीत. तो दोन नवे करतो. एकाचं नाव ‘मी’, रंग निळा. दुसऱ्याचं ‘सांगकाम्या’, रंग नारिंगी. नव्या टॅबच्या अधिक चिन्हावर बटण थोडा वेळ दाबून धरलं की कंटेनरांची यादी उघडते. तिथून ‘मी’ निवडून विकिपीडिया उघडायचा आणि स्वतःच्या नावाने लॉगिन करायचं. मग ‘सांगकाम्या’ निवडून तोच पत्ता उघडायचा. तिथे पान लॉगिन नसलेलं दिसतं, कारण त्या कप्प्यात अजून एकही कुकी नाही. तिथे दुसऱ्या नावाने लॉगिन करायचं. कुठलाही कंटेनर नसलेला साधा टॅब तिसरा, त्यात लॉगिन करायचंच नाही. हा तिसरा टॅब मला फार मोलाचा वाटतो. लॉगिन केलेल्या सदस्याला पान त्याच्या पसंतीप्रमाणे सजून दिसतं, पण साच्यात काही बिघडलं असेल तर ते सामान्य वाचकाला कसं दिसतंय, हे तिथे क्षणात कळतं.

लॉगिन करताना ‘लॉगिन कायम ठेवा’वर खूण केली असेल, तर कुक्या डिस्कवर लिहिल्या जातात. ती खूण नसेल तर त्यांतल्या काही फक्त चालू सत्रापुरत्या असू शकतात आणि अशा कुक्या या तक्त्यात सापडत नाहीत, हे आधीच लक्षात ठेवावं, नाहीतर रिकामा तक्ता पाहून माणूस गोंधळतो. फायरफॉक्स बंद करून cookies.sqlite ची प्रत काढली आणि त्या प्रतीवर हा प्रश्न विचारला:

```
SELECT host, value, originAttributes
FROM moz_cookies
WHERE name = 'centralauth_User'
  AND host = '.wikipedia.org';
```

की उत्तर साधारण असं येतं:

```
.wikipedia.org | Udaharan    | ^userContextId=6
.wikipedia.org | UdaharanBot | ^userContextId=7
```

या दोन ओळी शांतपणे वाचण्यासारख्या आहेत. पत्ता तोच, नाव तेच, वाटही तीच. पहिल्या तीन रकान्यांच्या नियमाने पाहिलं तर यातली एक ओळ असायलाच नको होती. शेवटी टोपीसारखं एक चिन्ह, मग एक शब्द, मग एक अंक, आणि एवढ्यावर दोन सदस्यांचं एकत्र नांदणं उभं आहे. लॉगिन नसलेल्या तिसऱ्या टॅबची ओळ इथे नाही, पण असती तर तिचा शेवटचा रकाना रिकामा असता. साधा टॅब म्हणजे शून्य क्रमांकाचा कंटेनर, आणि शून्य लिहायची गरज नसते. (centralauth_User मध्ये नुसतं सदस्यनाव असतं, म्हणून तीच कुकी घेतली. तिच्या शेजारच्या टोकनच्या कुक्या म्हणजे लॉगिनच्या किल्ल्याच, त्या कुणाला दाखवू नयेत.)

अंक 6 पासून का सुरू झाले, यामागेही विचार आहे. तयार मिळालेल्या चार कंटेनरांचे क्रमांक 1 ते 4. पाचवा ब्राउझरने स्वतःच्या घरकामासाठी ठेवला आहे. पानांची लघुचित्रं पडद्यामागे काढायची असतात, ती आपल्या लॉगिनने काढली तर खासगी पानाचं चित्र उमटेल. म्हणून त्या कामाला स्वतःचा, कुणाचंच लॉगिन नसलेला कप्पा दिला. ही सगळी नोंद त्याच प्रोफाइल फोल्डरमधल्या containers.json या छोट्या फाइलीत असते.

कुक्यांपुरतंच हे थांबत नाही. साइट आपल्या ब्राउझरमध्ये जे काही साठवते, त्यासाठी storage/default या फोल्डरात साइटच्या पत्त्याचं एकेक फोल्डर असतं, आणि तिथेही तीच खूण शेपटासारखी लागते:

```
https+++mr.wikipedia.org
https+++mr.wikipedia.org^userContextId=6
https+++mr.wikipedia.org^userContextId=7
```

विकिपीडिया आपल्या पानांना लागणारे प्रोग्रॅमचे तुकडे इथे साठवून ठेवतो, म्हणजे तेच तुकडे आता तीन जागी. एरवी ब्राउझर जागेची बचत केल्याशिवाय राहत नाही, पण इथे ती केली असती तर एका कप्प्याने काय साठवलंय याचा माग दुसऱ्याला लागला असता. म्हणून उधळपट्टी पत्करली आहे, आणि ती योग्य आहे.

पण कंटेनरची खरी सुबकता कशाकशाची वाटणी केली यात नाही, कशाची केली नाही यात आहे. इतिहास सामाईक आहे, बुकमार्क सामाईक आहेत, साठवलेले पासवर्ड सामाईक आहेत, अ‍ॅड-ऑन सामाईक आहेत. यातली प्रत्येक गोष्ट वेगळी करता आली असती. क्रोमची प्रोफाइल तसंच करतात: वेगळी खिडकी, वेगळे बुकमार्क, वेगळा इतिहास, सगळंच वेगळं. घरात एकाच संगणकावर दोन माणसं काम करत असतील तर ते उत्तम. पण आपल्या उदाहरणातला माणूस एकच आहे. काल वाचलेला लेख त्याला पत्त्याच्या पट्टीत दोन अक्षरं लिहून सापडायला हवा, मग तो कोणत्याही खात्याने वाचलेला असो. कंटेनर माणसाला एक मानतात आणि त्याची साइटसमोरची ओळख तेवढी वेगळी करतात. खासगी खिडकीशी तुलना केली तर हे आणखी उठून दिसतं. खासगी खिडक्या कितीही उघडल्या, तरी त्या सगळ्यांचा मिळून कप्पा एकच. म्हणजे तिच्यातून फक्त एकच जादा लॉगिन मिळतं, आणि तेही शेवटची खासगी खिडकी बंद होईपर्यंत.

पासवर्ड सामाईक ठेवण्याला एक धोका चिकटून आहे. ‘मी’ कंटेनरमध्ये लॉगिनचं पान उघडलं तरी ब्राउझर दोन्ही सदस्यनावं सुचवतो. घाईत खालचं नाव निवडलं, की निळ्या कप्प्यात सांगकाम्या जाऊन बसतो. टॅबवरची निळी रेघ तशीच राहते, पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे ‘मी’ हे नाव तसंच राहतं, आणि आत माणूस मात्र दुसराच. रंग कंटेनरचा असतो, खात्याचा नसतो. कंटेनर वापरणाऱ्याने ही एक गोष्ट पक्की समजून घेतली की पुढच्या बहुतेक चुका टळतात.

यावर विकिपीडियावर एक फार चांगला उपाय हाताशी आहे. तिथे प्रत्येक खात्याला आपल्या ‘पसंती’मध्ये पानांची त्वचा, म्हणजे सगळं रूपच, निवडता येतं. आपल्या खात्याला नेहमीची व्हेक्टर ठेवावी आणि सांगकाम्याला जुनी मोनोबुक द्यावी. मग सांगकाम्याचं पान उघडताच त्याची ठेवण, अक्षरं, पट्ट्या, सगळं निराळं दिसतं. टॅबची रेघ ब्राउझरकडून येते आणि त्वचा सर्व्हरकडून, खात्याबरोबर येते. दोन टोकांकडून आलेल्या या दोन खुणा जुळत असतील तर निर्धास्त जतन करावं. नारिंगी रेघेखाली व्हेक्टर दिसली, तर थांबून माथ्यावरचं नाव वाचावं. ज्या साइटवर खात्यानुसार गडद रूप किंवा निदान प्रोफाइलचं चित्र बदलता येतं, तिथेही ही युक्ती चालते.

दुव्यांच्या बाबतीत कंटेनरचं वागणं शहाणं आहे. नारिंगी टॅबमधला दुवा नव्या टॅबमध्ये उघडला, तर नवा टॅबही नारिंगीच असतो. त्यामुळे लॉगिन करताना साइट दुसऱ्याच पत्त्यावर नेऊन परत आणते, तेव्हाही सगळा प्रवास एकाच कप्प्यातून होतो आणि लॉगिन तुटत नाही. कंट्रोल-टी दाबून उघडलेला टॅब मात्र साधा निघतो, आणि ईमेलच्या प्रोग्रॅममधून आलेला दुवाही साध्या टॅबमध्येच उघडतो. ‘तुमच्या चर्चापानावर संदेश आहे’ या ईमेलवर टिचकी मारावी आणि लॉगिन नसलेलं पान समोर यावं, हे रोजचं आहे. तिथे घाबरून पुन्हा लॉगिन करू नये. टॅबवर उजवी टिचकी मारून तोच पत्ता हव्या त्या कंटेनरमध्ये उघडून घ्यावा. शून्य क्रमांकाच्या कप्प्यात एकदा लॉगिन केलं, की तिसऱ्या टॅबचा सगळा उपयोग गेला.

अ‍ॅड-ऑनमधली एक सोय मात्र या कामाला विरोधी आहे, आणि ती नेमकी सर्वांत पुढे मांडलेली आहे: ‘ही साइट नेहमी या कंटेनरमध्ये उघडा’. बँकेसाठी ती चांगली, कारण बँकेचं खातं एकच. पण mr.wikipedia.org हा पत्ता ‘सांगकाम्या’ला बांधून टाकला, की ‘मी’मधून तोच पत्ता उघडताना मध्ये एक प्रश्नाचं पान आडवं येतं. तिथे ‘माझा निर्णय लक्षात ठेवा’वर खूण करून बांधलेलाच कंटेनर निवडला, तर पुढे निळ्या टॅबमध्ये विकिपीडिया उघडणंच बंद होतं. प्रत्येक वेळी तो नारिंगीत उडी मारतो. एका पत्त्याला एकच कंटेनर बांधता येतो, त्यामुळे ज्या साइटवर अनेक लॉगिन हवीत ती कुणालाच बांधू नये. सोयीचं नाव ‘मल्टि-अकाउंट’ आणि तिचा सर्वांत ठळक पर्याय एका खात्यासाठी, ही मला या रचनेतली एकमेव ढिली जागा वाटते.

मर्यादा आणखी आहेत, पण त्या ब्राउझरच्या हातातल्या नाहीत. एकच खातं दोन कंटेनरमध्ये उघडलं आणि एकातून बाहेर पडलं, तर विकिपीडियावर दोन्हीकडून बाहेर पडायला होतं, कारण बाहेर पडताना सर्व्हर त्या खात्याचं जुनं टोकनच रद्द करतो. ‘मी’मधून बाहेर पडल्याने सांगकाम्याला मात्र काही होत नाही, त्याचं टोकन वेगळं.

कंटेनर लपवतही काही नाहीत. दोन्ही खात्यांच्या विनंत्या एकाच आयपी पत्त्यावरून जातात, ब्राउझरची आवृत्ती तीच सांगतात. विकिपीडियावर चेकयुजर नावाचा अधिकार असलेले मोजके सदस्य गैरवापराच्या तपासासाठी हीच माहिती पाहू शकतात आणि ती नव्वद दिवस ठेवली जाते. दोन नावांनी एकाच चर्चेत कौल द्यायला कुणी कंटेनर वापरले, तर चौथा रकाना त्याच्या कामी येणार नाही, कारण तो रकाना संगणकाबाहेर जातच नाही. आपल्या संपादकाने सांगकाम्याच्या सदस्यपानावर ‘हा माझा सांगकाम्या’ असं आधीच लिहिलेलं असतं. त्याला लपवायचं काहीच नसतं, फक्त मिसळू द्यायचं नसतं.

‘पुर्व’चं काम संपलं आणि सांगकाम्याचा कंटेनर नको झाला, तर अ‍ॅड-ऑनमधून तो काढून टाकता येतो. त्याचे टॅब बंद होतात, 7 च्या शेपटाच्या कुक्या आणि फोल्डर पुसले जातात. containers.json मध्ये lastUserContextId या नावासमोर आजवर दिलेला शेवटचा क्रमांक लिहिलेला असतो, तो मागे येत नाही. पुढचा नवा कंटेनर केला तर त्याला 8 मिळतो. पुसताना कुठे काही राहून गेलंच असेल, तरी ते नव्याच्या वाट्याला येत नाही.